रँक मॅचआधीचा अर्धा तास: पट्टी, पाण्याची बाटली आणि धरसोड

मे महिन्यात भुसावळला रात्री दहा वाजताही भिंतीला हात लावला तर ती गरम लागते. आमचा चौघांचा स्क्वाड बीजीएमआय या मोबाइलवरच्या बंदुकांच्या खेळाच्या रँक मॅच खेळतो तो याच वेळेला, कारण दिवसा फोनही तापतो आणि डोकंही. दोन उन्हाळे मी एका वहीत प्रत्येक मॅचचे पॉइंट लिहीत होतो. त्यात दोन गोष्टी वारंवार दिसल्या. एक, रात्रीची पहिली मॅच सगळ्यात वाईट जायची. दोन, आठवडाभरात कमावलेले पॉइंट बहुतेक वेळा एकाच रात्री, बाराच्या पुढच्या दोन-तीन मॅचमध्ये जायचे. पहिलीवर उपाय तयारीचा होता, दुसरीवर वेळेत उठण्याचा. दोन्हींसाठी मला लागलेलं सामान म्हणजे कंपासपेटीतली 30 सेंटीमीटरची पट्टी, एक लिटरची बाटली आणि पट्टी सोडायला कोणीतरी माणूस.

पाणी संध्याकाळी सहाला सुरू होतं

मॅचला बसताना घटाघट पाणी प्यायलं की ते कामी येत नाही, फक्त शेवटच्या झोनमध्ये बाथरूमला जावं लागतं. खेळाडूंसाठीचा साधा हिशोब असा, की खेळाच्या साधारण चार तास आधी वजनाच्या दर किलोमागे 5 ते 7 मिलिलिटर पाणी प्यावं. माझं वजन 61 किलो, म्हणजे तीनशे ते सव्वाचारशे मिलिलिटर. घरातले दोन ग्लास. दहाची मॅच असेल तर हे सहाला. मग नऊच्या सुमारास आणखी एक ग्लास, आणि मॅचच्या मधल्या वेळात दोन-चार घोट. माठातलं पाणी उत्तम. फ्रीजमधलं बर्फगार पाणी घोटभरच जातं आणि तहान भागली असं वाटतं, म्हणून मी ते टाळतो.

पुरेसं झालं का हे कळायला लघवीचा रंग पाहायचा. फिका पिवळा असेल तर ठीक, सरबतासारखा गडद असेल तर आपण मागे आहोत. बी व्हिटॅमिनच्या गोळ्या चालू असतील तर मात्र रंग आपोआप गडद होतो, तेव्हा ही खूण धरू नका.

नुसतं बसून खेळताना घाम तो किती जाणार, असं मलाही वाटायचं. एका रात्री वजनकाट्यावर मोजून पाहिलं. बसताना 61.4 किलो. अडीच तासांनी, मधे लघवीला न जाता, 61.1. या वेळात 400 मिलिलिटर पाणी प्यायलो होतो. म्हणजे शरीरातून गेलं 300 अधिक 400, साधारण 700 मिलिलिटर. काहीच प्यायलो नसतो तर वजनाच्या एक टक्क्याहून जास्त पाणी गेलं असतं. एक-दोन टक्के पाणी कमी झालं की लक्ष टिकत नाही, डोकं जड होतं, चिडचिड वाढते, आणि या चिडचिडीला आपण ‘टीममेट बेकार आहे’ असं नाव देतो. तुमच्या खोलीत तुमचा आकडा वेगळा येईल, म्हणून एकदा स्वतः मोजा.

ओआरएस रोज लागत नाही. दुपारभर शेतात किंवा दुकानावर उन्हात काम करून आला असाल, अंगावर मिठाचे पांढरे डाग पडले असतील, तर घ्या. पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल तर पूर्ण एका लिटरमध्येच कालवा. ग्लासभर पाण्यात अर्धं पाकीट ओतणारी मंडळी मी पाहिली आहेत, त्याने तहान उलट वाढते. एरवी ताक किंवा कैरीचं पन्हं पुष्कळ झालं. किडनीचा, हृदयाचा किंवा बीपीचा त्रास असलेल्यांनी पाण्याचं आणि मिठाचं माप डॉक्टरांनी सांगितलं असेल तेच पाळायचं.

एनर्जी ड्रिंकबद्दल माझं मत चांगलं नाही. 250 मिलिलिटरच्या डब्यात साधारण 75 ते 80 मिलिग्रॅम कॅफीन असतं आणि त्यातलं निम्मं उतरायला पाचेक तास लागतात. रात्री दहाला प्यायलेला डबा पहाटे तीनलाही अर्धा शिल्लक असतो. त्यात हात थरथरला की गायरो, म्हणजे फोन झुकवून धरलेला नेम, थरथरतो. लहान मुलांसाठी नाही असं डब्यावरच छापलेलं असतं, आणि आपल्याकडे स्क्वाडमध्ये दहावीतली पोरं असतात.

जेवण आठपर्यंत उरकावं. भरीत-भाकरी चापून लगेच खेळायला बसलं की पहिल्या मॅचला डोळे मिटतात. साडेनऊला भूक लागलीच तर केळं खा, जळगाव जिल्ह्यात त्याची काय कमी.

खोली आणि फोन

हे थोडक्यात. कूलर लावून दारं-खिडक्या बंद केल्या की खोलीत दमटपणा साठतो, घाम वाळत नाही आणि बोटं स्क्रीनवर चिकटतात. कूलरच्या समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. थंब स्लीव्ह दोन जोड्या ठेवा, एक घामेजली की दुसरी. फोन चार्जिंगला लावून खेळू नका. तापला की प्रोसेसर स्वतःला हळू करतो आणि साठ फ्रेमचा खेळ चाळीसवर येतो. तेव्हा आपल्याला वाटतं आज हातच चालत नाही. तापलेला फोन फ्रीजमध्ये ठेवायचा नाही, आत पाण्याचे थेंब धरतात. कव्हर काढून पंख्याखाली दहा मिनिटं ठेवला की पुरतं.

पट्टी

आता मुख्य काम. मॅचच्या अर्धा तास आधी मी बारावी झालेल्या, सीईटीसाठी जागणाऱ्या बहिणीला हाक मारतो. मी टेबलाच्या कडेवर हात टेकवतो, पंजा कडेबाहेर. अंगठा आणि तर्जनी यांच्यात दोन-तीन सेंटीमीटर अंतर. ती पट्टी वरून उभी धरते, शून्याची रेघ माझ्या अंगठ्याच्या वरच्या कडेला. मग न सांगता, कधी एका सेकंदात तर कधी पाच सेकंद थांबवून, सोडते. मी चिमटीत पकडतो आणि अंगठ्याच्या वर जो आकडा दिसेल तो वहीत लिहितो. नजर पट्टीवर, तिच्या बोटांवर नाही. तिच्या बोटांकडे पाहिलं की आपण अंदाज बांधायला लागतो आणि आकडा खोटा येतो.

पट्टी पडते ती गुरुत्वाकर्षणाने, त्यामुळे तिचा वेग कोणाच्या फोनवर किंवा नेटवर अवलंबून नाही. 15 सेंटीमीटरवर पकडली तर 175 मिलिसेकंद गेले, 20 वर 202, 25 वर 226, आणि 30 वर 247. त्यापुढे पट्टी हातातून निसटते. फोनवरच्या रिअ‍ॅक्शन टेस्टमध्ये स्क्रीनचा आणि टचचा उशीर मिसळतो, म्हणून तिथला आकडा नेहमी जास्त येतो आणि मित्राच्या फोनशी तुलनाही होत नाही. घरी पट्टी सोडायला कोणीच नसेल तर ती टेस्ट वापरा, पण रोज त्याच फोनवर आणि फक्त स्वतःच्या कालच्या आकड्याशी ताडून.

आधी दोन प्रयत्न सोडून द्यायचे. मग सात घ्यायचे, सगळ्यात चांगला आणि सगळ्यात वाईट खोडायचा, उरलेल्या पाचांची सरासरी. पहिल्या आठवड्यात आकडा सुधारत जातो. ती चपळाई नसते, पट्टी पकडायची सवय झालेली असते. म्हणून आपला नेहमीचा आकडा दुसऱ्या आठवड्यात ठरवा. माझा 17 ते 19 आहे. एखाद-दुसऱ्या सेंटीमीटरच्या फरकाला काही अर्थ नाही. सरासरी 23 च्या पुढे गेली तर मात्र काहीतरी कमी आहे. झोप असेल, पाणी असेल, किंवा जेवण जड झालं असेल.

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री चांगलीच थंडी पडते, तेव्हा बोटं गारठूनही आकडा घसरतो. कोमट पाण्यात दोन मिनिटं हात बुडवून पुन्हा मोजायचं.

धर आणि सोड

पट्टीची ही पहिली रीत एवढंच सांगते की दिसल्यावर हात किती लवकर हलतो. मॅचमध्ये प्रश्न तेवढाच नसतो. खिडकीत डोकं दिसलं, तर ते टीममेटचं की शत्रूचं, आणि शत्रूचं असेल तरी आत्ता गोळी मारून आपली जागा दाखवायची का. म्हणून दुसरी रीत. बहीण पट्टी सोडण्याच्या किंचित आधी एक शब्द बोलते, ‘धर’ किंवा ‘सोड’. धर म्हणाली तर पकडायची, सोड म्हणाली तर खाली पडू द्यायची. वीस वेळा. त्यातल्या सहा ‘सोड’, पण कोणत्या त्या मला माहीत नसतात. इथे किती सेंटीमीटरवर पकडली ते लिहायचं नाही. ‘सोड’ ऐकूनही किती वेळा पट्टी पकडली, तेवढंच.

शांत असताना माझ्या सहांपैकी एखादी चुकते. चिडलेलो असलो की तीन-चार चुकतात. आणि यातली खरी गोम अशी, की चिडल्यावर पहिल्या रीतीचा आकडा बिघडत नाही. कित्येकदा तो 17 च्या खालीही जातो. हात चपळ असतो, थांबवणारा ब्रेक गेलेला असतो. म्हणून ‘आज हात भारी चालतोय, अजून एक खेळू’ या भावनेवर माझा विश्वास उरलेला नाही.

हे दोन्ही मिळून दहा मिनिटं लागतात. मग गेममध्ये जायचं.

ट्रेनिंग ग्राउंड आणि एक टीडीएम

ट्रेनिंग ग्राउंडमध्ये मी ज्या खुर्चीत आणि ज्या पद्धतीने मॅच खेळणार त्याच पद्धतीने बसतो. गादीवर लोळून गायरोचा सराव केला आणि मॅच खुर्चीत खेळलो, तर मनगटाचा कोन बदलतो आणि सगळा सराव वाया. पहिली चार मिनिटं एम416 आणि रेड डॉट, जवळच्या टार्गेटवर पूर्ण मॅगझिन रिकामी करायची, गोळ्या भिंतीवर वर चढताहेत का बाजूला पसरताहेत ते पाहायचं. वर चढत असतील तर गायरो कमी खाली झुकतोय. डावी-उजवीकडे पसरत असतील तर बहुतेक वेळा फोन फार घट्ट धरलेला असतो. खांदे सैल सोडा, फोन तळव्यावर टेकवा, पुन्हा पाहा. पुढची चार मिनिटं 3एक्स स्कोप आणि लांबचं टार्गेट, दोन-तीन गोळ्यांच्या तुकड्यात. शेवटची दोन मिनिटं पाठ फिरवून उभं राहायचं, झटकन वळायचं, जे पहिलं दिसेल त्यावर निशाणा धरायचा, पण प्रत्येक वेळी गोळी झाडायची नाही. धर-सोडच इथेही.

त्यानंतर वेअरहाऊसच्या नकाशावर एकच टीडीएम, म्हणजे दोन टीमची छोटी लढत. चाळीस किल किंवा दहा मिनिटं, जे आधी होईल ते. ही हरली तरी दुसरी खेळायची नाही. टीडीएममध्ये मेलो की लगेच परत जिवंत होतो, त्यामुळे बेफिकीरपणे अंगावर धावायची सवय लागते, आणि तीच सवय घेऊन एरँगलच्या मोठ्या नकाशावर उतरलं की पोचिंकी गावातच डबा होतो. एक टीडीएम अंग मोकळं करते, तीन टीडीएम मॅच बिघडवतात.

सेन्सिटिव्हिटीला या वेळात हात लावायचा नाही. बदलायची असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारी.

एक शनिवार

गेल्या मे महिन्यातली एक रात्र वहीतून उतरवतो. दुपारी पारा 45 च्या आसपास होता. संध्याकाळी लाइट गेली, तासाभराने आली. सहाचे दोन ग्लास पाणी या गोंधळात राहूनच गेले. पावणेदहाला पट्टीची सरासरी 23.5, धर-सोडमध्ये चूक एक. म्हणजे डोकं ठिकाणावर होतं, शरीर मागे होतं. बाकीच्या तिघांना सांगितलं, पहिली मॅच वीस मिनिटं पुढे. ग्लासभर ताक आणि एक ग्लास पाणी घोट-घोट प्यायलो, पंख्याखाली बसलो. सव्वादहाला पुन्हा मोजलं, 20. मग ट्रेनिंग आणि टीडीएम.

पहिली मॅच, सहावा नंबर, चार किल. दुसरी, तिसरा नंबर. दोन्हीच्या मधे बाटली एक चतुर्थांश खाली. तिसऱ्या मॅचला एरँगलच्या स्कूलजवळ उतरलो आणि पहिल्या दोन मिनिटांत चौघेही गेलो. ही खरोखर नशिबाची गोष्ट होती, समोर दोन स्क्वाड होते आणि आमच्यातल्या दोघांना बंदूकच सापडली नाही. चौथीला आमचा स्नायपर म्हणाला, “भो, परत स्कूललाच. बघू त्यांना.” ‘त्यांना’ म्हणजे कोणाला? ती पोरं त्या मॅचमध्ये असण्याची शक्यताच नव्हती. पण मीही मार्कर तिथेच टाकला. पुन्हा दोन मिनिटांत बाहेर. निकालाचा स्क्रीन पूर्ण यायच्या आत माझा अंगठा स्टार्टवर होता.

बाटलीकडे लक्ष गेलं. दुसऱ्या मॅचनंतर जिथे होती तिथेच. दोन मॅच झाल्या, एक घोटही नाही.

मी मित्रांना पंधरा मिनिटं मागितली. बहीण अजून जागी होती. “दादा, चेहरा पाहिलास का आरशात?” म्हणाली आणि पट्टी घेऊन बसली. पहिली रीत, 17.2. दुसरी रीत, सहांपैकी चार वेळा ‘सोड’ ऐकून पट्टी पकडली. पाणी प्यायलो, गच्चीवर जाऊन आलो, पुन्हा वीस वेळा. तीन चुका. मी थांबलो. बाकीच्या तिघांनी एका अनोळखी चौथ्याला घेऊन आणखी चार मॅच खेळल्या आणि सकाळी ग्रुपवर कोणीच काही बोललं नाही.

थांबायचं कधी

या चिडलेल्या अवस्थेला गेमर टिल्ट म्हणतात. शब्द आला तो पिनबॉलच्या मशीनवरून. खेळणाऱ्याने मशीनला धक्के मारले की ते टिल्ट दाखवून खेळच बंद करायचं. आपल्या फोनला तशी सोय नाही, म्हणून खुणा आपणच ठेवायच्या. मी तीन ठेवल्या आहेत.

पहिली खूण अंगठा, म्हणजे निकाल वाचायच्या आत स्टार्ट दाबणं. दुसरी बाटली, म्हणजे एका मॅचभर पाण्याची पातळी न हलणं. तिसरी खूण वाक्याची आहे आणि तिने मला सगळ्यात जास्त वाचवलंय. प्रत्येक मॅचनंतर माइक बंद करून आपण का मेलो ते एका वाक्यात मोठ्याने बोलायचं. ‘मी उघड्यावर रिव्हाइव्ह द्यायला गेलो’ हे चालतं. ‘त्याने कव्हर दिलं नाही’, ‘सर्व्हरने घात केला’, ‘समोरचा हॅकर होता’, अशी लागोपाठ तीन वाक्यं आली, ज्यात ‘मी’ कुठेच नाही, तर माझं शिकणं बंद झालेलं असतं. यात एक अपवाद ठेवा. सर्व्हरला दोष देण्याआधी कोपऱ्यातला पिंगचा, म्हणजे नेटच्या उशिराचा, आकडा आठवा. तो खरोखर दोनशेच्या वर नाचत असेल तर वाक्य खरं आहे, पण तेव्हाही खेळू नये, कारण वेगळं एवढंच.

यातल्या दोन खुणा दिसल्या की पंधरा मिनिटांची सुट्टी, पाणी, आणि दोन्ही रीती. पट्टी मंद पण धर-सोड ठीक असेल, तर शरीर मागतंय. पाणी, केळं, गार हवा दिली की बहुतेक वेळा आकडा परत येतो आणि खेळता येतं. दोन्ही बिघडलं असेल तर झोप हवी आहे, त्याला ताकाने फरक पडत नाही. पट्टी चपळ पण धर-सोड बिघडलेली, आणि पंधरा मिनिटांनीही तशीच, तर त्या दिवसापुरतं संपलं. डोकं दुखतंय, मळमळतंय, चक्कर येतेय असं असेल तर आकडे मोजत बसायचं नाही, ते उन्हाचं लक्षण असू शकतं. गार जागी आडवं व्हायचं, घरच्यांना सांगायचं, आणि बोलणं बरळल्यासारखं होत असेल तर सरळ दवाखाना.

या पट्टीची मर्यादाही आहे. खूप वेळा केली की बहीण कधी ‘सोड’ म्हणणार याची लय कळायला लागते, तेव्हा सोडणारा माणूस बदलावा. आणि चिडलेल्या माणसाला पट्टी काढायचीच इच्छा होत नाही, हे सगळ्यात अवघड. त्यासाठी आम्ही चौघांनी ठरवलंय, की सुट्टी मागणाऱ्याला कोणी अडवायचं नाही आणि चौथा गेला की उरलेल्या तिघांनी त्या रात्री रँक खेळायची नाही. स्नायपर अजून कुरकुरतो. “एकच शेवटची, भो,” म्हणतो. आम्ही त्याला विचारतो, बाटली कुठवर आली? मग तो कॅमेऱ्यासमोर बाटली धरतो, आणि त्याच्या घरचा भाऊ मागून ओरडतो, “आत्ताच नळाखाली भरून आणली त्याने!”